घटस्फोट किंवा जोडीदाराचा मृत्यू: एच-4 व्हिसावरच्या ग्राहकांसाठी

आमच्याकडे येणारा नेहमीचा प्रश्न असा: "माझ्या आय-94 वर 2027 ची तारीख आहे, मग घटस्फोट झाला तरी तोपर्यंत मी अमेरिकेत राहू शकते ना?" नाही. एच-4 हे स्टेटस नवऱ्याच्या किंवा बायकोच्या एच-1बी वर उभं असतं. लग्न कायद्याने संपलं, त्या दिवशी ते संपतं, आय-94 वर तारीख काहीही असो. एच-4 वर मिळालेलं वर्क परमिटही त्याच दिवसापासून वापरता येत नाही. नोकरी गेल्यावर जी 60 दिवसांपर्यंतची मुदत मिळते, ती घटस्फोटाला लागू नाही.

नुसतं वेगळं राहू लागल्याने किंवा कोर्टात अर्ज पडल्याने काही बिघडत नाही. निकालाची तारीख महत्त्वाची, आणि इथेच लोक चुकतात.

गेल्या वर्षी न्यू जर्सीहून एका ताईंचा फोन आला. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात मार्चमध्ये परस्पर संमतीचा अर्ज केलेला. सहा महिने थांबावं लागतं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून सप्टेंबर धरून त्या निवांत होत्या. पण दोघं दीड वर्षाहून जास्त काळ वेगळे राहत होते, पोटगीचंही ठरलेलं होतं. अशा वेळी न्यायालय तो सहा महिन्यांचा काळ माफ करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच सांगितलं आहे. वकिलांनी तसा अर्ज दिला आणि 19 जूनला निकाल लागला. ताई आमच्याशी बोलल्या ऑगस्टमध्ये. मधले दोन महिने त्या रोज कामावर जात होत्या.

19 जूनच्या आधी आय-539 भरला असता, तर स्टेटस बदलून आवराआवरीसाठी बी-2 किंवा शिकण्यासाठी एफ-1 मागता आलं असतं, आणि निर्णय येईपर्यंत तिथेच थांबता आलं असतं (नोकरी मात्र करता आली नसती). नंतर भरलेल्या अर्जाला उशीर माफ करण्याची सोय आहे, पण त्याला खरोखर असाधारण कारण लागतं आणि सगळं अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं. ताईंना भारतात परत येऊन मुंबईच्या वकिलातीतून एफ-1 घ्यावा लागला. विनापरवाना झालेलं कामही लपवता आलं नाही, आणि लपवूही नये.

आणखी एक गोष्ट पुष्कळजणी सांगायला विसरतात. पूर्वी तुमचा स्वतःचा एच-1बी झाला असेल आणि त्याची सहा वर्षं संपलेली नसतील, तर साधारणपणे पुन्हा लॉटरीत जावं लागत नाही. नोकरी देणारी कंपनी निकालाआधी अर्ज करू शकली, तर हा सगळ्यात चांगला रस्ता. मुलांचं एच-4 घटस्फोटाने जात नाही, कारण एच-1बी वरच्या पालकाशी त्यांचं नातं तसंच राहतं.

मृत्यूच्या बाबतीत आधी तयारी करायला वेळच नसतो. एच-1बी धारक गेला की बायकोचं आणि मुलांचं एच-4 त्याच दिवशी संपतं. 2017 मध्ये कॅन्ससमध्ये श्रीनिवास कुचिभोतला यांची हत्या झाली, तेव्हा त्यांच्या पत्नी सुनयना दुमाला यांच्यावर हीच वेळ आली होती. मात्र कंपनीने ग्रीन कार्डासाठी आय-140 भरलेला असेल, तर 2009 पासून अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम 204(एल) आहे. मृत्यूच्या वेळी तुमचं वास्तव्य अमेरिकेत असेल आणि पुढेही तिथेच असेल, तर तो अर्ज तुमच्यासाठी जिवंत ठेवण्याची विनंती करता येते. त्याने लगेच स्टेटस मिळत नाही, पण रांगेतली जागा वाचू शकते.

म्हणून अंत्यविधीसाठी भारतात निघण्याआधी, तिकीट काढायच्या आत, आम्हाला एक फोन करा. पासपोर्टवरचा एच-4 चा शिक्का चालू दिसला तरी त्यावर परत जाता येत नाही. ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज, आय-485, दाखल असेल आणि अॅडव्हान्स पॅरोल हातात असेल, तर गोष्ट वेगळी. अशा दिवसांत कागद मागणं आम्हालाही जड जातं, पण नवऱ्याच्या कंपनीकडून आय-140 ची मंजुरीची नोटीस तेव्हाच मागवलेली बरी.

आम्ही फीबद्दल बोलायच्या आधी कोर्टाची पुढची तारीख आणि अर्जाची प्रत मागतो, याचा काहींना राग येतो. पण त्या तारखेवरूनच कोणता अर्ज शक्य आहे ते कळतं. नवरा-बायको दोघांचंही काम आम्ही एकाच वेळी घेत नाही. अर्जावर सही अमेरिकेतल्या परवानाधारक वकिलाची असते, आणि त्यांची फी आम्ही वेगळी दाखवतो. नुसत्या तारखा तपासून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही. आय-94, दोघांच्या आय-797 नोटिसा आणि कोर्टाचा अर्ज पाठवा, आणि भारतातल्या वकिलांना आजच विचारा की त्यांनी सहा महिन्यांच्या माफीचा अर्ज दिलाय का.