उद्योगांतर्गत व्यापार

दोन देशांनी एकाच प्रकारचा माल एकमेकांना विकणे आणि एकमेकांकडून घेणे, याला उद्योगांतर्गत व्यापार म्हणतात. जर्मनी फ्रान्सला मोटारी विकतो आणि फ्रान्सकडून मोटारीच विकत घेतो, हे याचे नेहमीचे उदाहरण. कापड देऊन मद्य घेणे किंवा यंत्रे देऊन कापूस घेणे हा याच्या उलट, म्हणजे दोन वेगळ्या उद्योगांमधला व्यापार होय. कोकण किनाऱ्यावरच्या न्हावा शेवा बंदरात सेंद्रिय रसायने, औषधांचा कच्चा माल, यंत्रांचे भाग अशा अनेक जिनसांचे कंटेनर येतातही आणि जातातही. पण असा येणारा-जाणारा सगळाच माल या नोंदीच्या व्याख्येत बसत नाही. तो का बसत नाही, हे पुढे काजू आणि आंब्याच्या उदाहरणांतून दिसेल.

रिकार्डोने १८१७ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार प्रत्येक देश स्वतःला तुलनेने स्वस्त पडते ते पिकवतो आणि बाकीचे बाहेरून घेतो. पुढे हेक्शर आणि ओलिन या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञांनी त्या स्वस्ताईचे कारण जमीन, श्रम आणि भांडवल यांच्या कमी-अधिक उपलब्धतेत शोधले. दोन्ही मांडण्यांतून निघणारा निष्कर्ष असा, की देश जितके वेगळे तितका व्यापार जास्त. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रत्यक्षात उलटेच चित्र दिसले. सर्वांत मोठा व्यापार श्रीमंत, औद्योगिक आणि एकमेकांसारख्याच देशांमध्ये होत होता. युरोपातील सामाईक बाजारपेठ १९५७ च्या रोम करारानंतर उभी राहिली, तेव्हा एका देशाचा अख्खा पोलाद उद्योग बुडेल, दुसऱ्याचा अख्खा मोटार उद्योग बुडेल अशी भीती होती. तसे झाले नाही. प्रत्येक देशात जवळपास प्रत्येक उद्योग टिकला, फक्त कारखान्यांनी बनवायच्या मालाचे प्रकार कमी केले आणि बाकीचे प्रकार शेजाऱ्याकडून येऊ लागले.

या कोड्याचे पटण्याजोगे उत्तर पॉल क्रुगमन यांनी १९७९ आणि १९८० च्या लेखांत दिले. त्यांना २००८ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला त्यात या कामाचा मोठा वाटा आहे. त्यांच्या मांडणीखालचे गणित मुंबईत जन्मलेले अविनाश दीक्षित आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्या १९७७ च्या लेखातले. उत्तराला दोन पाय आहेत. पहिला पाय वस्तुभेदाचा: गिऱ्हाइकाला एकाच जिनसेचे वेगवेगळे प्रकार हवे असतात. दुसरा पाय मोठ्या उत्पादनाच्या बचतींचा: साचे, यंत्रे, आराखडे, चाचण्या यांचा खर्च एकदाच होतो, त्यामुळे नग वाढतील तसा एका नगावर पडणारा त्याचा बोजा घटतो. यांपैकी एकच पाय असेल तर सिद्धांत उभा राहत नाही. बचती नसत्या तर प्रत्येक देशाने सगळे प्रकार थोडे थोडे घरीच बनवले असते. वस्तुभेद नसता तर एकाच प्रकारच्या एका प्रचंड कारखान्याने सगळ्यांचे भागले असते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. किनाऱ्यावरच्या लहान फायबर होड्यांना मागे आउटबोर्ड इंजिन लावतात. कुणाला ते दोघांनी उचलून वाळूवर नेता येईल इतके हलके हवे असते, कुणाला लांब जाण्यासाठी जास्त ताकदीचे, तर कुणाला कमी तेल पिणारे. म्हणजे इथे वस्तुभेद आहे. समजा, ‘क’ आणि ‘ख’ या दोन अगदी सारख्या देशांत दर वर्षी प्रत्येकी १०,००० इंजिने खपतात. एक प्रकार बाजारात ठेवायचा तर कंपनीला वर्षाला ४ कोटी रुपये स्थिर खर्च येतो आणि त्यावर प्रत्येक इंजिनामागे ६०,००० रुपये लागतात. किंमत या ६०,००० रुपयांच्या जितकी वर असते ती नफ्याची कड, आणि स्पर्धक वाढले की ती घटते. ती १ लाख रुपये भागिले कंपन्यांची संख्या एवढी असते, असे धरू.

देशाची दारे बंद असताना ५ कंपन्या टिकतात. प्रत्येकीच्या वाट्याला २,००० इंजिने येतात, स्थिर खर्च नगामागे २०,००० रुपये पडतो आणि एकूण खर्च ८०,००० रुपये होतो. पाच स्पर्धक असताना नफ्याची कडही २०,००० रुपयेच, म्हणून किंमत ८०,००० रुपये. सहावी कंपनी आली तर सगळ्यांनाच तोटा, चारच राहिल्या तर नफा इतका की पाचवी आल्यावाचून राहणार नाही.

आता दोन्ही बाजार एक करा. खप २०,००० झाला, पण जुन्या दहाच्या दहा कंपन्या टिकणार नाहीत. दहा स्पर्धकांत कड १०,००० रुपयांवर येते, तर प्रत्येकीच्या २,००० नगांवरचा बोजा मात्र २०,००० रुपयेच राहतो. तोट्यातल्या कंपन्या गळत जातात आणि साधारण ७ उरतात. उरलेली प्रत्येक कंपनी सुमारे २,८५७ इंजिने बनवते, तिचा स्थिर खर्च नगामागे १४,००० रुपयांवर येतो आणि किंमत ७४,००० रुपयांच्या आसपास स्थिरावते. गिऱ्हाइकाला पूर्वी पाच प्रकारांतून निवडावे लागे, आता सातांतून, आणि तेही स्वस्तात. ‘क’ मध्ये ४ आणि ‘ख’ मध्ये ३ कंपन्या उरल्या आणि प्रत्येकीचा निम्मा माल पलीकडे खपला, तर ‘क’ सुमारे ५,७१४ इंजिने निर्यात करतो आणि ४,२८६ आयात करतो. कोणत्या कंपन्या कुठे उरतील हे मात्र हा सिद्धांत सांगत नाही. ते इतिहासावर, योगायोगावर, पहिल्यांदा कुणी सुरुवात केली यावर अवलंबून असते. रिकार्डोच्या सिद्धांतात ‘कोण काय विकणार’ हे ठरते. इथे ‘दोघेही विकणार’ एवढेच ठरते.

उत्पन्न सारखे असले की आवडीनिवडीही सारख्या होतात, आणि देश सारखे असले की स्वस्त श्रम किंवा स्वस्त जमीन या कारणाने होणारा व्यापार आटतो. मागे उरतो तो असा प्रकारांचा व्यापार. सारखेपणा हे या व्यापाराचे थेट कारण नव्हे. दुसऱ्या कारणांनी होणारा व्यापार बाजूला सरतो, म्हणून हा उठून दिसतो.

कागदावरचे हे गणित प्रत्यक्षात घडले ते कॅनडा आणि अमेरिका यांच्या १९६५ च्या मोटार करारानंतर. त्याआधी जकातीच्या भिंतीआड कॅनडातील कारखाने छोट्या बाजारासाठी अनेक मॉडेले थोडी थोडी बनवत आणि त्यांची श्रमउत्पादकता अमेरिकेपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी होती. १९६२ साली कॅनडाने अमेरिकेला १.६ कोटी डॉलरचा मोटार-माल विकला आणि ५१.९ कोटी डॉलरचा घेतला. करारानंतर कॅनडातल्या कारखान्यांनी बरीच मॉडेले सोडून दिली, मोजकी मोठ्या संख्येने बनवली आणि बाकीची अमेरिकेतून आणली. १९६८ साली निर्यात २४० कोटी आणि आयात २९० कोटी डॉलर झाली होती.

या बदलाचे मोजमाप ग्रुबेल आणि लॉइड यांच्या निर्देशांकाने करतात. सूत्र साधे आहे:

१ − |निर्यात − आयात| ÷ (निर्यात + आयात)

माल एकाच दिशेने जात असेल तर उत्तर ० येते, दोन्ही बाजू सारख्या असतील तर १. कॅनडाच्या आकड्यांवरून १९६२ चे उत्तर ०.०६ आणि १९६८ चे ०.९१ येते. वरच्या इंजिनांच्या उदाहरणात ते ०.८६ आहे.

पण हा आकडा सहज फसवतो, आणि कसा फसवतो ते समजायला कोकणासारखी जागा नाही. सिंधुदुर्गातले काजू कारखाने स्थानिक बी वापरतात, पण भारतातल्या एकूण काजूप्रक्रियेला देशी बी पुरत नाही म्हणून ती आफ्रिकेतूनही मोठ्या प्रमाणावर येते. बी वाफवायची, फोडायची, गर वाळवून सोलायचा, प्रतवारी लावायची आणि गर विकायचा, त्यातला काही परदेशात जातो. जकातीच्या वर्गीकरणात बी आणि गर दोन्ही ०८०१ या चार अंकी शीर्षकाखाली येतात. समजा, एखाद्या वर्षी ९०० कोटींची बी आली आणि ६०० कोटींचा गर गेला. चार अंकांवर निर्देशांक ०.८० येतो आणि वाचणाऱ्याला वाटते, काय जोरदार उद्योगांतर्गत व्यापार आहे! सहा अंकांवर बी आणि गर वेगळे होतात आणि निर्देशांक दोन्हीकडे शून्यावर येतो. हा व्यवहार मुळात कच्चा माल आणून पक्का माल विकण्याचा, तो रिकार्डोच्याच घरचा आहे.

आंब्याची गोष्ट याहून चकवणारी आहे. एप्रिल-मेमध्ये कोकणचा हापूस आखाती देशांकडे जातो, आणि नोव्हेंबरच्या सुमारास वाशीच्या बाजारात मलावीचा हापूस उतरतो. हे आठ अंकी संकेतांकापर्यंत गेले तरी वेगळे करता येत नाही, कारण दोन्ही खरोखरच ताजे आंबे आहेत. दर महिन्याचे आकडे पाहिले तर मात्र उलगडा होतो: माल जातो त्या महिन्यांत येत नाही आणि येतो त्या महिन्यांत जात नाही. दक्षिण गोलार्धातल्या मलावीत आंब्याचा हंगामच वेगळा, म्हणून हा ऋतूंचा व्यापार ठरतो. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे वस्तुभेदाचा पाय भक्कम आहे. पण बाग दुप्पट केली म्हणून कलमामागचा खर्च काही निम्मा होत नाही. दुसरा पायच नाही, तेव्हा हा सिद्धांत इथे लावणे चुकीचे.

खऱ्या उदाहरणाच्या जास्त जवळ जातात ती तळोजा, रोहा, महाड आणि लोटे परशुराम इथली रसायने. तिथल्या कारखान्यात एक उत्पादन थांबवून दुसरे घ्यायचे तर रिअॅक्टर धुवायचा, चाचण्या पुन्हा करायच्या, तोवर कारखाना बंद. त्यामुळे मोजकी रसायने मोठ्या प्रमाणावर करणे परवडते आणि बाकीची बाहेरून आणावी लागतात. अर्थात यातही आयातीचा बराच भाग औषधांच्या मधल्या टप्प्यांतल्या मालाचा असतो, म्हणजे पुन्हा काजूचीच तऱ्हा. सारख्या दर्जाच्या प्रकारांचा व्यापार आणि दर्जाच्या फरकातून होणारा व्यापार वेगळे काढण्यासाठी अभ्यासक एकाच बारीक संकेतांकाखालच्या निर्यातीची आणि आयातीची किलोमागची किंमत ताडून पाहतात. फरक साधारण १५ टक्क्यांच्या आत असेल तर तो सारख्या दर्जाच्या प्रकारांचा व्यापार मानतात. त्याहून जास्त असेल तर दर्जाचा फरक आहे असे धरतात, आणि तिथे उत्पन्न, कौशल्य, मजुरी यांतला दोन देशांतला फरक पुन्हा हिशेबात येतो. ही १५ टक्क्यांची रेषा सोयीपुरती ओढलेली आहे. काही जण २५ टक्केही घेतात आणि त्यानुसार उत्तरे बरीच बदलतात.

मूळ प्रतिमानातही कच्चे दुवे आहेत. त्यात सगळ्या कंपन्या सारख्याच मानल्या आहेत, त्यामुळे दहातल्या कोणत्या तीन बुडणार हे सांगता येत नाही. मार्क मेलिट्झ यांनी २००३ साली कंपन्यांची उत्पादकता वेगवेगळी धरली, तेव्हा कमी उत्पादक कंपन्या गळतात आणि निर्यात मोठ्या, कार्यक्षम कंपन्याच करतात हे स्पष्ट झाले. क्रुगमन यांच्या १९८० च्या मांडणीत तर व्यापाराने कंपनीचा आकार वाढतच नाही, लाभ फक्त जास्त प्रकार मिळण्याचा. मात्र वाहतूकखर्च धरल्यावर तीच मांडणी आणखी एक गोष्ट सांगते: ज्या देशात एखाद्या प्रकारच्या मालाला घरचीच मागणी मोठी, तिथे कारखाने जमतात आणि तो देश त्याच मालाचा निर्यातदार होतो.