डेसिबलच्या मागचा ‘ए’ आला कुठून?

रात्री घरातली माणसं झोपल्यावर तबल्याचं रेकॉर्डिंग हळू आवाजात लावून पाहा. दायाँचा ‘ना’ स्वच्छ ऐकू येतो, पण डग्ग्याची घुमक जवळजवळ नाहीशी झालेली असते. सकाळी आवाज वाढवला की डग्गा परत जागेवर येतो. रेकॉर्डिंग तेच, स्पीकरही तेच. ॲम्प्लिफायरने सगळे स्वर सारखेच खाली आणले होते. कानाने मात्र त्यातले खालचे स्वर जास्त खाली ढकलले. जुन्या ॲम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ नावाचं बटण असायचं ते याचसाठी. आवाज कमी असताना ते दाबलं की खर्ज वाढायचा. आवाजाच्या मर्यादा सांगताना डेसिबलच्या मागे जो ‘ए’ लावतात, त्याचं मूळ कानाच्या याच सवयीत आहे.

हे नेमकं किती होतं, हे मोजायची गरज पहिल्यांदा संगीतवाल्यांना नाही, टेलिफोनवाल्यांना पडली. डेसिबल हे मापही त्यांचंच. १९२० च्या दशकात अमेरिकेच्या बेल टेलिफोन यंत्रणेत तारेतून जाताना आवाज किती क्षीण होतो, हे सांगायला ते तयार झालं. ते गुणोत्तराचं माप आहे: १० डेसिबल म्हणजे दहापट ऊर्जा, २० डेसिबल म्हणजे शंभरपट. हवेतल्या ध्वनिदाबासाठी ते वापरताना शून्य धरलं गेलं ते साधारण १००० हर्ट्झच्या स्वराला निरोगी तरुण कान जिथे जेमतेम ऐकतो, त्याच्या जवळ. म्हणजे डेसिबल हवेबद्दल बोलतं. कानाला काय वाटलं, ते त्यात नाही.

बेल प्रयोगशाळेतले हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी ते शोधलं आणि १९३३ मध्ये प्रसिद्ध केलं. पद्धत ऐकायला सोपी वाटते. माणसाच्या कानाला रिसीव्हर लावायचा. १००० हर्ट्झचा एक स्वर ठरलेल्या पातळीवर ऐकवायचा, मग दुसऱ्या उंचीचा, समजा १०० हर्ट्झचा, आणि विचारायचं: यातला मोठा कोणता? दोन्ही सारखे वाटेपर्यंत पातळी बदलत राहायची. असं अनेक ऐकणाऱ्यांकडून, अनेक स्वरांसाठी, अनेक पातळ्यांवर करून सारखे वाटणारे बिंदू एका रेषेने जोडायचे. अशी एकेक रेषा म्हणजे समान लाउडनेसचा एकेक वक्र. त्याचं माप फोन: १००० हर्ट्झवर जितके डेसिबल, तितके त्या अख्ख्या वक्राचे फोन.

आजच्या आंतरराष्ट्रीय मानकातला ४० फोनचा वक्र पाहू. १००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलला आहे, म्हणजे शांत खोलीतल्या हळू बोलण्याइतका. तितकाच मोठा वाटायला १०० हर्ट्झचा स्वर सुमारे ६४ डेसिबलला लागतो. हा २४ डेसिबलचा फरक म्हणजे ध्वनिदाब जवळजवळ सोळापट. उलट ३००० हर्ट्झच्या थोड्या वर ३६ डेसिबलच पुरतात. तिथे कान सर्वांत तिखट असतो, कारण बाहेरून पडद्यापर्यंत जाणारी सुमारे अडीच सेंटिमीटरची नळी त्याच स्वरांना घुमते आणि वाढवते. खालच्या स्वरांच्या वाट्याला असं काही येत नाही. मधल्या कानातली हाडांची साखळी ते नीट पुढे ढकलत नाही, आणि जे आत पोचतं त्यातलंही काही शंखाकृती नळीच्या टोकाच्या छिद्रातून काम न करताच निसटतं.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. हे वक्र एकमेकांना समांतर नाहीत. १००० हर्ट्झवर ४० फोनच्या रेषेवरून ८० फोनच्या रेषेवर जायला ४० डेसिबल लागतात, ही तर व्याख्याच झाली. पण १०० हर्ट्झवर त्याच दोन रेषा ६४ आणि सुमारे ९२ डेसिबलला आहेत, म्हणजे अंतर २८ च. खालच्या स्वरांकडे रेषा दाटीवाटीने बसलेल्या आहेत. डग्ग्याचं कोडं इथेच सुटतं. ‘ना’ १००० हर्ट्झवर आणि डग्गा १०० हर्ट्झवर आहे, आणि सकाळी दोन्ही ८० फोनला, तोडीस तोड होते असं समजा. रात्री आवाज ४० डेसिबलने उतरवला. ‘ना’ ४० फोनवर आला. डग्गा ९२ वरून ५२ डेसिबलवर आला, तर त्याची ४० फोनची रेषा ६४ ला आहे. तो १२ डेसिबल खाली राहिला, ऐकू येण्याच्या उंबरठ्याकडे. हेच उलट्या दिशेनेही होतं: खर्ज थोडा चढवला की कानाला तो फार चढल्यासारखा वाटतो. ही उलटी बाजू पुढे लागणार आहे.

आता मीटरकडे येऊ. १९३० च्या दशकात ध्वनिपातळी मोजायची यंत्रं बाजारात येऊ लागली. कानासारखं मोजायचं, तर मीटरनेही खालचे स्वर कापायला हवेत. पण पातळीप्रमाणे आकार बदलणारा वक्र तेव्हाच्या साध्या विद्युत मंडलात बसवता येत नव्हता. म्हणून तडजोड झाली. १९३६ च्या अमेरिकी मानकात शांत आवाजासाठी ४० फोनच्या वक्राला उलटा करून घेतलेली ‘ए’ चाळणी आली आणि मध्यम आवाजासाठी ७० फोनवरची ‘बी’. मोठ्या आवाजासाठी पुढे जवळजवळ सपाट ‘सी’ आली. अपेक्षा अशी होती की मोजणाऱ्याने आधी आवाजाची पातळी पाहावी: साधारण ५५ डेसिबलपर्यंत ए, ८५ पर्यंत बी, त्यावर सी, आणि त्याप्रमाणे बटण फिरवावं.

प्रत्यक्षात हे गैरसोयीचं निघालं. आवाज सीमेवर असला की बटण फिरवताच आकडा उडी मारायचा. दोघांनी एकाच यंत्राचा आवाज मोजला आणि वेगळी चाळणी लावली, तर दोन उत्तरं यायची. पुढच्या दोन-तीन दशकांत एकाच चाळणीने सगळं मोजायची रीत पडली, आणि ती चाळणी ठरली ए. याला कारण होतं. रहदारीचा गोंगाट माणसांना किती त्रास देतो आणि कारखान्यातला आवाज कानाला किती इजा करतो, या दोन्हींशी ए चे आकडे बऱ्यापैकी जुळत होते. खालचे स्वर श्रवणशक्तीला तुलनेने कमी इजा करतात, त्यामुळे ते कापणारी चाळणी त्या कामाला चालून गेली. बी मात्र विस्मरणात गेली, आणि या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या मीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकात तिला जागाच उरली नाही.

मधल्या काळात वक्रही बदलले. १९५६ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत रॉबिन्सन आणि डॅडसन यांनी कानाला रिसीव्हर न लावता, प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत स्पीकरसमोर माणूस बसवून मोजणी केली. ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. २००३ मध्ये, मुख्यतः जपानी संशोधकांच्या पुढाकाराने अनेक देशांतली मोजमापं एकत्र करून, मानक पुन्हा आखलं गेलं. तेव्हा दिसलं की १००० हर्ट्झच्या खाली १९५६ चे आकडे काही ठिकाणी १५ डेसिबलपर्यंत चुकले होते, आणि ४० फोनची १९३३ ची जुनी रेषाच नव्या रेषेच्या जास्त जवळ होती. ए चाळणीला या दुरुस्त्यांनी हात लावला नाही. तिचा आकार आजही मूळचाच आहे.

आपल्याकडे हा ए थेट कायद्यात आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत मर्यादा ए चाळणीच्या सरासरी डेसिबलमध्ये दिल्या आहेत: निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५, व्यापारी भागात दिवसा ६५, रात्री ५५. हा ए मानवी कानाच्या प्रतिसादाशी जुळतो, असं नियमाच्या टिपेतच म्हटलं आहे. सार्वजनिक जागी ध्वनिक्षेपक लावला, तर त्या जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यांपैकी जे कमी ते.

विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेची भिंत आली की जो ठोका लागतो, तो साधारण ५० ते १०० हर्ट्झमधला असतो. हिशेब कळावा म्हणून फक्त ६३ हर्ट्झचा एकच स्वर घेऊ. ए चाळणी तिथे २६ डेसिबल वजा करते. स्वर ८० डेसिबलचा असेल, तर मीटर ५४ दाखवतो. वक्रावर पाहिलं तर तो सुमारे ५१ फोन आहे. म्हणजे मीटर आणि कान जवळपास एकमतात आहेत. ए शांत आवाजासाठी बनला होता आणि या भागात तो प्रामाणिक आहे.

आता तोच स्वर १०० डेसिबलवर न्या, बाजारपेठेच्या रस्त्यावर, दिवसा. मीटर दाखवतो ७४, म्हणजे ७५ च्या आत. पण दाटीवाटीच्या रेषांमुळे कानाला तो ८३ फोनच्या आसपास वाटतो. या पातळ्यांवर १० फोन वाढले की आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो, त्यामुळे ९ चा हा फरक किरकोळ नाही. डीजेवाल्याने आणखी साडेचार डेसिबल चढवले की कान ९० फोनवर जातो, मीटर ७८ वर. मानकातले वक्र ९० फोनपर्यंतच आहेत. त्यापुढे काय वाटतं, याचा पक्का नकाशा मानकात नाही.

खऱ्या मिरवणुकीत एकच स्वर नसतो. वर गाणं असतं, झांज असते, माणसं असतात, आणि त्यामुळे रस्त्यावर ए चा आकडाही भरपूर चढतो. खरा घोटाळा खिडकी लावल्यावर घरात होतो. एकसंध भिंत स्वराची उंची निम्मी झाली की ढोबळमानाने ६ डेसिबल कमी अडवते. १००० वरून ६३ पर्यंत चारदा निम्मं होतं, म्हणजे ठोका गाण्यापेक्षा जवळजवळ २४ डेसिबल सहज आत येतो. गाणं बाहेर राहतं आणि नुसता ठोका घरात बसतो. ए मीटर मग समाधानकारक आकडा दाखवतो आणि आजी म्हणते, छातीत धडधडतंय. छातीतली धडधड किंवा तावदानांची थरथर हा तर लाउडनेसही नव्हे. तिचं मोजमाप या वक्रांतही नाही.

घरात असं चाललंय हे ओळखायचा एक उपाय साध्या मीटरवरही असतो. एकाच ठिकाणी आधी ए लावून मोजायचं, लगेच सी लावून मोजायचं. ६३ हर्ट्झवर सी एका डेसिबलपेक्षाही कमी कापते. साध्या बोलण्यात किंवा पावसाच्या आवाजात दोन आकडे जवळजवळ राहतात. फरक १५-२० पर्यंत गेला, तर आवाजाचा बहुतेक भार खालच्या स्वरांत आहे असं समजायचं. वरच्या एका स्वराच्या उदाहरणात ए ७४ आणि सी ९९ आले असते. मोबाइलच्या ॲपवर मात्र याची भिस्त ठेवू नये, कारण मोबाइलचा माइक बोलण्यासाठी असतो आणि बरेच माइक खालचे स्वर आधीच गाळून टाकतात. कॅलिब्रेट केलेला मीटर हवा, आणि तक्रारीसोबत ए व सी दोन्ही आकडे, वेळ आणि खिडकी उघडी होती की बंद, हे लिहिलेलं हवं.