रंगांचे इशारे : बंदरावरच्या बावट्यापासून घरातल्या मोबाईलपर्यंत

७ जुलै २०२४. रविवार होता. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या पालीच्या धबधब्यावर गेलेली ऐंशीच्या आसपास माणसे पाणी अचानक वाढल्याने पलीकडे अडकली आणि त्यांना दोरीच्या आधाराने बाहेर काढावे लागले. दुसऱ्या दिवशी रेड अलर्टमुळे बारावीपर्यंतच्या शाळांना सुट्टी जाहीर झाली. तेव्हापासून गोव्यात ‘उद्या कुठला रंग?’ हा घरोघरचा प्रश्न झाला आहे. उत्तर बहुतेकदा एकच असते : ‘रेड आहे, म्हणजे सुट्टी.’ हे रंग सुट्टीसाठी जन्मलेले नाहीत. ते कुठून आले हे कळले की घरात केव्हा काय करायचे हेही कळते.

रंगांच्या आधी आकडे होते. १८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्याला चक्रीवादळाने उद्ध्वस्त केले आणि पुढच्याच वर्षी तिथल्या बंदरासाठी वादळाची सूचना देण्याची पद्धत सुरू झाली. हवामान खाते स्थापन झाले ते नंतर, १८७५ मध्ये. पश्चिम किनाऱ्यावर ही सोय १८८० मध्ये आली आणि त्या पहिल्या बंदरांत रत्नागिरी, वेंगुर्ले, कारवार अशी नावे होती. वेंगुर्ले आणि कारवार यांच्या मधला गोवा तेव्हा पोर्तुगिजांचा होता, म्हणून त्या यादीत तो नाही.

बंदरावरच्या खुणा एक ते अकरा अशा क्रमांकाच्या असतात. दिवसा शंकू आणि पिंपाच्या आकाराच्या आकृत्या वर चढवतात, रात्री लाल-पांढरे दिवे लावतात. आपल्या किनाऱ्यावर अजून म्हणतात, ‘तीन नंबरचा बावटा लागला.’ तीन म्हणजे बंदरालाच जोराच्या वाऱ्याचा धोका, आठ ते दहा म्हणजे महाधोका, आणि अकरा म्हणजे वेधशाळेशी संपर्कच तुटला. ही भाषा तांडेलाला आणि जहाजाच्या कप्तानाला पुरेशी होती. माडाखालच्या कौलारू घरात राहणाऱ्या बाईला तिचा काहीच उपयोग नव्हता.

घरांसाठीची भाषा आली २००६ मध्ये. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर हवामान खात्याने चक्रीवादळाच्या सूचनापत्रांना रंग जोडले. वादळामुळे किनाऱ्यावर हवा बिघडण्याच्या निदान ४८ तास आधी दिला जातो तो पिवळा, २४ तास आधीचा नारिंगी, आणि वादळ जमिनीवर येण्याच्या सुमारे १२ तास आधी, ते आत कुठे जाईल हे सांगणारा लाल. म्हणजे मुळात हे रंग घड्याळ होते. पिवळा म्हणजे दोन दिवस हाताशी आहेत, लाल म्हणजे आता हातात काही उरले नाही.

पावसाचा रंग मात्र घड्याळ नाही, आणि घोटाळा इथेच होतो. पिवळ्यानंतर नारिंगी, मग लाल, असा जिना चढत धोका येईल आणि आपल्याला वेळ मिळेल असे लोक गृहीत धरतात. पावसाच्या इशाऱ्यात रंग दोन गोष्टी जुळवून ठरतो : ती गोष्ट घडण्याची शक्यता किती, आणि घडली तर नुकसान किती. त्यामुळे सकाळचा पिवळा दुपारी एकदम लालही होऊ शकतो. ढोबळ मानाने चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढचा पाऊस ‘जोरदार’ आणि त्याला पिवळा, ११५.६ पासून ‘अति जोरदार’, नारिंगी, २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’, तो लाल. हिरवा म्हणजे इशारा नाही. पाऊस नाही असा त्याचा अर्थ होत नाही. हिरव्या दिवशीही पन्नास मिलिमीटर पडून अंगणात तळे साचू शकते.

आकडा डोळ्यांसमोर आणायचा असेल तर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या छपरावर २०५ मिलिमीटर पडले की वीस हजार लिटरहून जास्त पाणी पागोळ्यांतून उतरते. दहा हजार लिटरचे दोन टँकर एका घरावर रिकामे केल्यासारखे. तेही सारखे चोवीस तास नव्हे, बहुधा त्यातल्या चार-पाच तासांत.

आता साखळीत वाळवंटी नदीच्या बाजूला राहणारे एक घर घेऊ. आजी, शाळेत जाणारी दोन मुले, तळमजला. उत्तर गोव्याला ८ तारखेचा इशारा आहे. पहिली गोष्ट, ही ‘८ तारीख’ मध्यरात्री संपत नाही. पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजतात, त्यामुळे ८ तारखेच्या रंगात ९ ची पहाट येते. पाणी घरात शिरले तर ते बहुधा त्याच पहाटे, सगळे झोपलेले असताना.

पिवळा असेल तर या घराने रोजची कामे चालू ठेवावीत, पण संध्याकाळी इशारा पुन्हा बघावा आणि दारापुढच्या गटारातला पाला काढावा. नारिंगी दिसला की तयारीचा दिवस. वरची टाकी उजेडीच भरून घ्यायची, कारण लाईट गेली की पंप बंद. मोबाईल चार्ज, आजीची औषधे आणि घराची कागदपत्रे पिशवीत, स्कूटर आंब्याखालून हलवायची. आणि पाणी आले तर आजीला ज्या मावशीकडे न्यायचे, तिला फोन करून आधीच विचारून ठेवायचे. माझ्या मते नारिंगी हाच सर्वांत मोलाचा रंग आहे, कारण त्यात काम करायला उजेड असतो. लाल आला की तयारी संपलेली असावी. आजीला दिवसाउजेडी हलवावे, पाणी उंबऱ्याला लागण्याआधी मेन स्विच बंद करावा, वाहत्या पाण्यातून गाडी घालू नये, अडकलात तर ११२.

एक मर्यादा मात्र ध्यानात हवी. रंग अख्ख्या जिल्ह्याला मिळतो. उत्तर गोव्याचा तोच नारिंगी कळंगुटलाही आणि घाटाखालच्या वाळपईलाही, जिथे पाऊस नेहमीच जास्त. रंगाला भरतीची वेळही माहीत नसते. भरती असताना वाळवंटीचे पाणी पुढे सरकत नाही, म्हणून साखळीसारख्या गावात रंगाबरोबर भरतीची वेळ आणि नदीची पातळी बघावीच लागते.

तौक्तेच्या वेळी दुसरी चूक दिसली. १६ मे २०२१ ला ते वादळ आपल्या किनाऱ्यापासून दूर समुद्रातून वर सरकले आणि १७ च्या रात्री गुजरातमध्ये जमिनीवर आले. गोव्यावर ते आलेच नाही. तरी झाडे आणि विजेचे खांब कोसळले, कित्येक गावे अंधारात गेली. ‘वादळ गुजरातला जाणार’ एवढेच ऐकून ज्यांनी टाकी भरली नाही, त्यांना पाण्याविना दिवस काढावे लागले.

रंग उतरला तरी लगेच सैल होऊ नये. लाल संपून पिवळा लागला तरी वर घाटात पडलेले पाणी खाली यायला वेळ लागतो आणि व्हाळ फुगलेलेच असतात. भिजून मऊ झालेल्या मातीतले माड आणि आंबे पाऊस थांबल्यावरही पडतात. आजीला परत आणायचे ते नदी उतरलेली डोळ्यांनी बघून.