उतार सारखा, लवचिकता वेगळी: मागणीपत्रकाच्या एका फोटोवरून

मागणीपत्रकाचा फोटो येतो आणि खाली एक ओळ असते: ‘सर, प्रत्येक पायरीला मागणी २० नेच वाढतेय, मग लवचिकता सगळीकडे सारखीच ना?’ नाही. सारखा आहे तो उतार. या एका गोंधळापायी इतकी उत्तरं चुकलेली पाहिली आहेत की आता एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

परवा आलेल्या फोटोतला तक्ता असा होता. शेवटचा रकाना मी जोडला आहे, त्याचं काम पुढे पडेल.

| किंमत | मागणी | एकूण प्राप्ती |
|---|---|---|
| १० | २० | २०० |
| ८ | ४० | ३२० |
| ६ | ६० | ३६० |
| ४ | ८० | ३२० |
| २ | १०० | २०० |

उताराबद्दल फार सांगायला नको. किंमत २ ने उतरली की मागणी २० ने वाढते, म्हणजे किंमतीच्या एका एककामागे १०. (आलेखावर किंमत उभ्या अक्षावर घेतात म्हणून तिथे हाच उतार उलटा, ०.१ असा दिसतो. त्यात अडकू नका.) पाचही बिंदू एका सरळ रेषेवर आहेत आणि सरळ रेषेचा उतार बदलत नाही. विषय संपला.

लवचिकता वेगळाच प्रश्न विचारते. मागणी किती नगांनी वाढली, हे तिला नको असतं. आधी जेवढी मागणी होती तिच्या मानाने ती किती वाढली, आणि आधी जी किंमत होती तिच्या मानाने किंमत किती उतरली, एवढंच तिला हवं असतं. २० नगांची मागणी ४० झाली तर ती दुप्पट झाली. ८० ची १०० झाली तर पावपटच वाढली. दोन्हीकडे वाढ २० चीच आहे. किंमतीचं नेमकं याच्या उलट होतं: १० वरून ८ म्हणजे किरकोळ घट, ४ वरून २ म्हणजे थेट निम्मी. रेषेवरून खाली येताना मागणीतला तोच बदल प्रमाणात लहान होत जातो आणि किंमतीतला तोच बदल प्रमाणात मोठा. दोन्ही गोष्टी लवचिकता एकाच दिशेने ढकलतात, म्हणून ती घसरतच जाते.

आता मध्यबिंदू पद्धतीने आकडे काढू. बदलाला सुरुवातीच्या आकड्याने न भागता दोन्ही आकड्यांच्या सरासरीने भागायचं:

```
E = [(Q2 − Q1) ÷ ((Q1 + Q2)/2)] ÷ [(P2 − P1) ÷ ((P1 + P2)/2)]
```

पहिली पायरी १० ते ८. मागणीतला बदल २०, सरासरी मागणी ३०, म्हणजे ६६.७ टक्के वाढ. किंमतीतला बदल उणे २, सरासरी किंमत ९, म्हणजे २२.२ टक्के घट. भागाकार उणे ३. शेवटची पायरी ४ ते २ घेतली तर मागणी २२.२ टक्के वाढते आणि किंमत ६६.७ टक्के उतरते. भागाकार उणे ०.३३. तेच दोन आकडे, फक्त जागा बदलून. मधल्या दोन पायऱ्यांची उत्तरं उणे १.४ आणि उणे ०.७१ येतात.

हेच सूत्र थोडं वेगळं मांडलं की गोंधळाचं मूळ डोळ्यांसमोर येतं. लवचिकता म्हणजे उतार गुणिले सरासरी किंमत भागिले सरासरी मागणी. वरच्या पायरीला १० गुणिले ९/३०, खालच्या पायरीला १० गुणिले ३/९०. उतार त्यात आहेच, पण तो अर्धाच हिस्सा. उरलेला अर्धा हिस्सा तुम्ही रेषेवर कुठे उभे आहात हे सांगतो. जो फक्त उतार पाहतो, तो हा दुसरा हिस्सा सोडून देतो आणि मग ‘रेषा तिरकी आहे म्हणून मागणी लवचिक’ असलं काहीतरी लिहून बसतो.

यातून माझा दुसरा राग. ‘या वस्तूची मागणी लवचिक आहे’ असं वाक्य अशा तक्त्यावरून लिहूच नये. कोणती लवचिक? चिन्ह बाजूला ठेवलं तर याच तक्त्यात वरच्या दोन पायऱ्यांवर उत्तर १ पेक्षा मोठं, म्हणजे मागणी लवचिक आहे, आणि खालच्या दोन पायऱ्यांवर ते १ पेक्षा लहान, म्हणजे अलवचिक. वस्तू एकच आणि ग्राहकही तेच. म्हणून उत्तरात टप्पा लिहायलाच हवा: ‘किंमत १० ते ८ या टप्प्यात लवचिकता ३, म्हणजे या टप्प्यात किंमत १ टक्का उतरली की मागणी सरासरीने सुमारे ३ टक्के वाढते.’ ‘मागणी ३ ने वाढते’ असं लिहिलंत तर तुम्ही लवचिकतेचा आकडा घेऊन उताराचं वाक्य लिहिलंत.

सरासरीनेच का भागायचं? साधी शेकडेवारी दिशेवर अवलंबून असते म्हणून. ८ वरून ४ वर या: मागणी ४० ची ८० झाली, म्हणजे १०० टक्के वाढ, किंमत ५० टक्के उतरली, लवचिकता २. आता ४ वरून ८ वर जा: मागणी ५० टक्के घटली, किंमत १०० टक्के वाढली, लवचिकता ०.५. म्हणजे त्याच दोन ओळी उतरताना लवचिक आणि चढताना अलवचिक ठरतात. मध्यबिंदूने काढा: ४० भागिले ६०, आणि ४ भागिले ६. दोन्ही ६६.७ टक्के, लवचिकता नेमकी १.

आणि हा १ खरा आहे, हे तिसरा रकाना सांगतो. किंमत ८ असताना प्राप्ती ३२०, ४ असतानाही ३२०. किंमत बदलूनही प्राप्ती तीच राहिली, तर ती एकक लवचिक मागणी. मध्यबिंदू पद्धत मला याच कारणासाठी आवडते: तिचं उत्तर आणि एकूण प्राप्ती यांचं कधीच भांडण होत नाही. सूत्राचा तिरकस गुणाकार करून पाहिलात तर शेवटी P1Q1 आणि P2Q2 यांची तुलनाच हाती उरते. किंमत उतरून प्राप्ती वाढली तर उत्तर १ पेक्षा मोठंच येणार आणि प्राप्ती घटली तर लहानच. त्यामुळे पडताळणी दहा सेकंदांची आहे. १० ते ८ मध्ये प्राप्ती २०० वरून ३२० झाली, उत्तर ३, जुळलं. ४ ते २ मध्ये ३२० वरून २००, उत्तर ०.३३, तेही जुळलं. न जुळल्यास गणित चुकलंय, दुसरं काही नाही. साध्या शेकडेवारीला अशी हमी नाही, हे वर दिसलंच. तरीही प्रश्नात ‘शेकडेवारी पद्धतीने काढा’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर निमूटपणे तीच वापरा.

टप्पा मोठा घेतला की मात्र जपून. ८ ते ४ ची लवचिकता १ आली, पण त्याच्या पोटात १.४ आणि ०.७१ अशा दोन पायऱ्या दडलेल्या आहेत. ही त्या टप्प्याची सरासरी आहे. मधल्या प्रत्येक किंमतीला ती लागू करता येत नाही. तक्त्यात लागोपाठच्या ओळी असतील तर त्याच घ्या.

उणे चिन्हाचं काय? मागणीची किंमत लवचिकता साधारणपणे ऋणच येते आणि बहुतेक जण चिन्ह गाळून लिहितात. माझी हरकत नाही, पण गाळायचं ते सगळ्यात शेवटी. फोटोवरून आकडे उतरवताना हे चिन्हच तुम्हाला वाचवतं. वरच्याच फोटोत ८० मधल्या 8 वर दिव्याची चमक पडली आणि तुम्ही तो 3 वाचलात असं धरा. मग किंमत ६ वरून ४ वर आली आणि मागणी ६० वरून ३० वर. मध्यबिंदूने मागणीतला बदल उणे ६६.७ टक्के, किंमतीतला उणे ४० टक्के, उत्तर अधिक १.६७. चिन्ह जपलंत तर इथेच थबकाल, कारण किंमत उतरून मागणी घटणं हे या तक्त्याच्या वळणात बसत नाही. सवयीने आधीच चिन्ह पुसून टाकलंत तर ‘१.६७, म्हणजे लवचिक’ असं आनंदाने लिहून मोकळे व्हाल. खरं उत्तर ०.७१ आहे. देवनागरी अंकांच्या फोटोत असाच घोळ १ आणि ९ मध्ये होतो, ५ आणि ६ मध्येही. म्हणून आधी आकडे कागदावर उतरवा, रकाना वरून खाली नजरेखालून घाला आणि मगच सूत्राला हात लावा.

फोटोची दुसरी खोड म्हणजे मथळा कापला जाणं. इथे उतार आणि लवचिकता यांतला फरक पुन्हा भेटतो. मथळ्यात ‘मागणी (डझनांत)’ असं होतं आणि कंसातला भाग फोटोबाहेर राहिला, तर उतार फसला: तो १० नसून १२० नग आहे. लवचिकतेला काहीच झालं नाही. २४० भागिले ३६० हे २० भागिले ३० इतकंच. टक्केवारीत एकक उरतच नाही, त्यामुळे एकक न दिसणाऱ्या फोटोवरूनही लवचिकता निर्धास्त काढता येते. उतार काढता येत नाही.

अख्खाच मथळा कापला गेला असेल आणि कोणता रकाना किंमतीचा हेच कळत नसेल, तर मात्र थांबा. काही तक्त्यांत मागणी आधी असते आणि किंमत नंतर. रकाने उलटे धरले तर ३ च्या जागी ०.३३ येतं, म्हणजे लवचिकचं अलवचिक. आणि ही चूक कुठल्याच पडताळणीत सापडत नाही. चिन्ह ऋणच राहतं. गुणाकार तोच असल्याने प्राप्तीचा रकानाही तसाच राहतो आणि उलट्या उत्तराशी बिनबोभाट जुळतो, कारण उलट्या वाचनात ‘किंमत’ २० वरून ४० झालेली असते, प्राप्ती २०० वरून ३२० झालेली असते आणि अलवचिक मागणीत तसंच व्हायला हवं. मोठे आकडे मागणीचेच असणार असा अंदाज बांधून पुढे जाणारेही मी पाहिले आहेत. अशा वेळी मी गणित करतच नाही, वरची ओळ दिसेल असा दुसरा फोटो मागवतो.