डब्याचे उत्तर (सोलापूर)

घरात कोणी आजारी असताना शेजारघरून शिजवलेले अन्न आले, की त्याबद्दल दिलेला थोडक्यातला मनापासूनचा निरोप. पूर्वी तो तोंडी किंवा मुलाच्या हाती चिठ्ठीने जाई, आता बहुधा मोबाइलवरून जातो. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घरे एकाच गल्लीत राहतात. त्यामुळे डबा एका भाषेच्या घरातून निघतो आणि त्याचे उत्तर पुष्कळदा दुसऱ्या भाषेतून येते. या नोंदीत मराठी उत्तराचाच विचार केला आहे.

या उत्तराचे मूळ कोठे शोधावे याबद्दल मतभेद आहेत. एक मत त्याला मराठी पत्रलेखनाच्या परंपरेशी जोडते. मोडी पत्रांचे मायने सांगणारी ‘मेस्तके’ हेमाद्री पंडिताच्या, म्हणजे तेराव्या शतकाच्या नावावर सांगितली जातात, पण आज मिळणाऱ्या मेस्तकांची भाषा पाहता ती इतकी जुनी मानणे कठीण आहे. पुढे घरगुती पत्रांत बरोबरीच्यांना ‘स. न. वि. वि.’ आणि वडीलधाऱ्यांना ‘शि. सा. न. वि. वि.’ असा प्रारंभ, मध्ये क्षेमकुशल आणि शेवटी ‘लोभ असावा ही विनंती’ असा साचा रुळला. १८७९ मध्ये हिंदुस्थानात पोस्टकार्ड आले आणि हा साचा सामान्य घरांतही पोचला, असे या मताचे म्हणणे. आधी प्रकृतीची खबर आणि मग बाकीचे, हा डब्याच्या उत्तरातील क्रम त्याला पुष्टी देतो.

दुसरे मत उत्तराचे मूळ भांड्याच्या देवघेवीत पाहते. शेजारचे भांडे रिकामे परत करू नये, हा संकेत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. साखर, मूठभर शेंगदाणे, दोन केळी असे काहीतरी घालूनच ते परत जाते. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये देणे, घेणे आणि परत देणे ही तीन कर्तव्ये एकमेकांत गुंतलेली असल्याचे मांडले; त्याचा आधार या मताचे पुरस्कर्ते घेतात. त्यांच्या मते परतीच्या भांड्यातला जिन्नस हेच खरे उत्तर असून शब्द त्याला नंतर चिकटले. तिसरे मत अधिक स्थानिक आहे. १८७७ च्या सुमारास सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली. पुढे गिरण्यांच्या चाळींत आणि पूर्व भागातल्या विणकरांच्या वस्तीत निरनिराळ्या मुलखांतून आलेली कुटुंबे भिंतीला भिंत लावून राहू लागली. नातेवाईक दूर असल्याने आजारपणात शेजारच कामी येई, आणि भाषा पूर्ण न जुळणाऱ्या घराला कळावे म्हणून निरोप लहान व सरळ झाला. निरोपाच्या आटोपशीरपणाचा उलगडा या मताने चांगला होतो. आतल्या मजकुराचा मात्र दुसऱ्या मतानेच अधिक होतो, कारण चांगल्या उत्तरात अन्नाचे काय झाले याची हकिगत हटकून असते.

याचे कारण मराठी घरांतल्या एका अडचणीत आहे. जवळच्या माणसाचे उघड आभार मानले, तर ‘आभार मानून परकं करू नका’ असे ऐकावे लागते. काहीच न बोलणेही खटकते. म्हणून जाणकार उत्तरात आभाराचे काम अन्नाच्या हकिगतीवर सोपवलेले असते. पुढील नमुना घरातल्या मुलीने शेजारच्या काकूंना पाठवलेल्या निरोपाचा आहे. वडिलांना टायफॉइड झाला होता.

‘काकू, नमस्कार. बाबांचा ताप काल रात्रीपासून उतरलाय. तुमचा मऊ भात आणि मुगाचं वरण बाबांनी पोटभर खाल्लं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच “अजून थोडं वाढ” म्हणाले. शेंगाची चटणी त्यांना चालत नाही, ती आम्ही भाकरीबरोबर खाल्ली. त्या दिवशी आई दवाखान्यातून दमून आली होती, स्वयंपाकाचं बळ नव्हतं, आणि दारात तुम्ही. हे विसरणार नाही. उद्यापासून घरी स्वयंपाक होईल, आता डबा करू नका. भांडी रविवारी घेऊन येते.’

यात पहिले वाक्य प्रकृतीचे आहे, कारण डबा देणाऱ्याचे मन तिथेच अडकलेले असते. नंतर पदार्थाचे नाव घेतले आहे. नुसते ‘जेवण छान होते’ म्हटले, तर आजाऱ्याच्या तोंडी काही लागले की नाही, हे काकूंना कळत नाही. चटणीबद्दलचे वाक्य सर्वांत उपयोगाचे म्हणावे लागेल. सोलापुरी शेंगाचटणीत तिखट आणि लसूण सढळ असतो. टायफॉइडमध्ये आतडे नाजूक झालेले असते आणि हलके, मऊ अन्न दिले जाते. बाबांनी चटणी खाल्ली असे खोटे लिहिले असते, तर ती पुढच्या डब्यातही आली असती. खाल्ली नाही एवढेच लिहिले असते, तर काकूंना लागले असते. ती कोणाच्या पोटात गेली हे सांगितल्याने दोन्ही टळले. ‘हे विसरणार नाही’ एवढाच उघड कृतज्ञतेचा उद्गार आहे, आणि तो एकदाच येतो. शेवटची दोन वाक्ये व्यवहाराची आहेत. डबा थांबवायचा की चालू ठेवायचा, हे स्पष्ट सांगितले नाही, तर शेजारीण संकोचाने करतच राहते. मदत अजून हवी असेल, तर तेही सरळ लिहावे: ‘अजून दोन दिवस संध्याकाळचा भात मिळाला, तर बरं होईल.’

उत्तर बिघडते ते बहुधा लांबीने. तपासण्यांचे आकडे, दवाखान्याचा खर्च, कोण भेटायला आले नाही याची तक्रार, यातले काहीही शिरले की वाचणाऱ्याला सांत्वन करणे भाग पडते आणि आभार मागे राहतात. ‘आपला अत्यंत ऋणी आहे’ अशी सभेतली भाषाही टाळावी. ‘कशाला एवढा त्रास घेतलात’ हे दारात, हसतमुखाने शोभते. लिहिलेले वाचताना मात्र नाराजीसारखे वाटू शकते. बिघाडाची खूण सोपी आहे: निरोप मिळताच समोरून ‘असं काय बोलता, आम्ही काय परके आहोत का’ असे आले, तर आभाराचे शब्द जास्त झाले. ‘बाबांना आता काय करून देऊ?’ असे आले, तर उत्तर नीट पोचले.

संबोधन नात्याचे असते: काकू, वहिनी, मावशी. कन्नड किंवा तेलुगू घरातल्या बाईला बहुतेक ‘अक्का’ म्हणतात, आणि ते मराठीतही सहज खपते. एखादे घर कधी शिजवलेल्या अन्नाऐवजी कोरडा शिधा पाठवते. त्याचे उत्तर असेच, फक्त त्यातून काय शिजवले ते सांगावे.

भांडी परत करण्याची वेळ आजारावर ठरते. कांजिण्या, गोवर यांसारखा संसर्गाचा आजार असल्यास भांडी उकळत्या पाण्याने धुऊन, तूर्त काही न घालता परत करतात आणि आजारी माणूस उठल्यावर वेगळा जिन्नस नेऊन देतात. भांड्यावर नाव घातलेले असते, तरी अनेक घरांतून डबे आले असल्यास कोणते झाकण कोणाचे, हे त्याच दिवशी कागदावर टिपून ठेवावे. सुतकात येणारे पिठलं-भाकरीचे डबे या प्रथेत मोडत नाहीत. त्यांना शब्दांत उत्तर देण्याची रीत सहसा नाही, आणि ते भांडे भरूनही परत करत नाहीत.