प्रॉडक्टच्या माहितीत कीवर्ड कोंबू नका, प्लीज (सर्च लावून घेतलेल्या सगळ्या दुकानदारांसाठी)

आठवड्यातून दोन फोन तरी ठरलेले. पहिला, "अहो, माझ्या माहितीत 'मोटर' शब्दच नाही, तरी मोटर टाकल्यावर हा पंप कसा काय येतो?" आणि दुसरा, "मी चांगले शंभरेक कीवर्ड टाकलेत, तरी माल खाली का गेला?" दोन्हीचं उत्तर एकाच ठिकाणी आहे म्हणून हा कागद.

आधीच्या सर्चमध्ये जो शब्द लिहिलाय तोच सापडायचा. आता तुम्ही माल चढवला की रात्री आमचं मॉडेल, म्हणजे भाषा शिकलेला प्रोग्राम, ती माहिती वाचतं, आणि तिच्याशी नात्यातले शब्द स्वतः जोडून प्रत्येकाला वजन देतं. 2021 मध्ये फ्रान्समधल्या नेव्हर लॅब्सच्या लोकांनी स्प्लेड नावाने जी पद्धत मांडली, तिच्याच घराण्यातलं आहे हे. समजा तुम्ही लिहिलंत "5 एचपी सबमर्सिबल पंपसेट, 6 इंची, स्टेनलेस स्टील, थ्री फेज". सकाळी ॲडमिनमध्ये 'शब्द-वजन' उघडलं की असं काहीतरी दिसेल (आकडे समजण्यापुरते घेतलेत):

```
{"सबमर्सिबल": 236, "पंप": 212, "मोटर": 141, "बोअर": 94, "विहीर": 58}
```

शेवटचे तिन्ही शब्द तुम्ही लिहिलेलेच नाहीत. पण खाली इंडेक्स जुनाच आहे बरं का, पुस्तकाच्या मागे असते तशी सूची, 'मोटर' या शब्दासमोर ज्या ज्या मालात तो आहे त्यांचे नंबर आणि वजनं. गिऱ्हाईकाने "बोअर मोटर" टाकलं की दोन याद्या उघडायच्या आणि बेरीज करायची, 94 अधिक 141, झाले 235. गिऱ्हाईक टाइप करत असताना मॉडेल चालतच नाही, जड काम सगळं रात्रीच उरकलेलं असतं, म्हणून तुमच्या साध्या सर्व्हरवर भागतं आणि महिन्याचं बिल आटोक्यात राहतं. आणि अमुक माल वर का आला हे आम्ही शब्दाशब्दाने दाखवू शकतो.

आता घोळ कुठे होतो ते. आमच्या एका पंपवाल्या दुकानदाराने याच मालाच्या माहितीत सुरुवातीलाच "मोटर, पाणी मोटर, कुलर मोटर, मिक्सर मोटर, बेस्ट मोटर" करत दोन-तीनशे शब्द ओतले. त्याला वाटलं वीस वेळा मोटर लिहिलं की वीसपट वजन. तसं होत नाही, मॉडेल प्रत्येक जागेवरून त्या शब्दाला किती मार्क मिळतात ते बघतं आणि फक्त सगळ्यात मोठा आकडा ठेवतं, त्यावर परत लॉग लावतं, म्हणजे मोठा आकडा आणखी दाबतं, त्यामुळे 141 चं जेमतेम 148 झालं. उलट मॉडेल एका दमात 512 तुकडेच वाचतं, आणि मराठी शब्दाचे बऱ्याचदा दोन-तीन तुकडे पडतात, म्हणजे दोनेकशे शब्दांत कोटा संपला आणि "सबमर्सिबल, 6 इंची" हा खरा मजकूर वाचलाच गेला नाही. बोअरचं वजन 94 वरून 22 वर आलं. "बोअर मोटर"ची बेरीज 235 ची 170 झाली. त्याचाच ओपनवेल पंप, ज्याचं बोअरशी काही देणंघेणं नाही, तो 179 घेऊन वर बसला, आणि "कुलर" शोधणाऱ्याला 5 एचपीचा पंप दिसायला लागला. दोष सर्चला दिला, साहजिक आहे, पण आमचा अख्खा दिवस गेला शोधण्यात.

तुम्हाला घरच्या घरी ओळखता येतं. 'शब्द-वजन' उघडा, वरच्या दहा शब्दांत या मालाशी संबंध नसलेलं काही दिसलं, किंवा माहितीतला मुख्य शब्दच यादीत सापडला नाही, की समजायचं कोंबाकोंबी झालीये. दुकानात आलेल्या माणसाला सांगाल तशी दोन-चार सरळ वाक्यं लिहा, कशासाठी वापरतात ते एका वाक्यात टाका, बाकीचे शब्द मॉडेल जोडतं.

काही जण विचारतात, आणखी शब्द जोडू द्या की, बिघडतं काय? बिघडतं. प्रत्येक मालाला सगळेच शब्द चिकटले तर याद्या लांबतात आणि सर्च रेंगाळतं, म्हणून ट्रेनिंगमध्येच फालतू शब्द जोडल्याबद्दल मॉडेलला दंड लावलेला असतो. तो आम्ही सैल करणार नाही, कितीही फोन आले तरी.

एक गोष्ट मात्र मॉडेलला जमत नाही, पार्ट नंबर. बेअरिंग 6205 चे ते तुकडे करतं आणि 6204 शी गल्लत होऊ शकते, म्हणून नंबरसाठी वेगळा रकाना दिलाय, तिथे जुन्या पद्धतीने तंतोतंत जुळवलं जातं. नंबर तिथेच भरा, माहितीत नको.

माहिती बदलली तर रात्री 11 च्या आत सेव्ह करा, नाहीतर जुनीच वजनं आणखी एक दिवस चालतील. पहिल्या 50 मालांची माहिती आम्ही फुकट नीट लिहून देतो. पुढच्यांचे पैसे पडतात, पण कोंबलेलं साफ करायला त्याहून जास्त पडतात.