एंड स्क्रीन आणि कार्डवरील मजकूर

एंड स्क्रीन आणि कार्डवरील मजकूर : यूट्यूबवरील व्हिडिओ चालू असताना किंवा संपता संपता प्रेक्षकाला पुढच्या व्हिडिओकडे नेणारे छोटे लिखित किंवा बोललेले वाक्य. कार्ड म्हणजे व्हिडिओ चालू असताना वरच्या कोपऱ्यात काही क्षण दिसणारी पट्टी. ती मिटली की तिथे ‘i’ हे चिन्ह उरते, म्हणून मराठी चॅनेलवाले तिला ‘आय बटण’ म्हणतात. एंड स्क्रीन म्हणजे शेवटच्या ५ ते २० सेकंदांत पडद्यावर उमटणारे चौकोन आणि सबस्क्राइबचे वर्तुळ. एका व्हिडिओत जास्तीत जास्त पाच कार्डे लावता येतात. एंड स्क्रीनवर चार घटक बसतात आणि त्यासाठी व्हिडिओ किमान २५ सेकंदांचा असावा लागतो.

या मजकुराचे काम शीर्षकापासून सुरू होते. प्रेक्षक शीर्षक वाचून आलेला असतो, म्हणजे त्याला एक गोष्ट हवी असते. ती मिळाली की त्याच क्षणी त्याच्या मनात दुसरा प्रश्न उभा राहतो. कार्डाने आणि एंड स्क्रीनने तो दुसरा प्रश्न त्याच्याच शब्दांत विचारायचा असतो. ‘माझे इतर व्हिडिओही पहा’ या वाक्यात चॅनेलची गरज असते, पाहणाऱ्याची नसते. म्हणून ते ऐकूनही कोणी बोट हलवत नाही.

मजकूर नेमका कुठे लिहिता येतो, हे आधी समजून घ्यावे लागते. कार्डासाठी यूट्यूब स्टुडिओत दोन रकाने मिळतात. टीझर टेक्स्ट हा व्हिडिओवर पट्टीत दिसतो, तर कस्टम मेसेज कार्ड उघडल्यावर दिसतो. दोन्हींची मर्यादा ३० कॅरेक्टरची आहे. देवनागरीत ही मर्यादा लवकर संपते, कारण युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सारी स्वतंत्र चिन्हे असतात. ‘माहिती’ वाचताना तीन अक्षरे, मोजताना सहा. ‘७/१२ उताऱ्यावरील चुकीचे नाव दुरुस्त करा’ असे लिहायला घेतले तर ‘दुरुस्त’ हा शब्द पुरा होण्याआधीच जागा संपते. त्याऐवजी ‘७/१२ वर नाव चुकलंय?’ हे १९ चिन्हांत बसते आणि अधिक थेट आहे. टीझरमध्ये बोलीतले क्रियापद चालते, किंबहुना तेच हवे.

एंड स्क्रीनवरील व्हिडिओच्या चौकोनात मात्र आपल्याला वेगळे काही लिहिता येत नाही. तिथे ज्या व्हिडिओकडे पाठवायचे त्याचाच थंबनेल आणि त्याचेच शीर्षक दिसते. त्यामुळे ‘एंड स्क्रीनचा मजकूर’ म्हटले की प्रत्यक्षात तीन गोष्टी एकत्र येतात : संपादन करताना चित्रातच कोरलेली ओळ, त्या वेळी तोंडाने म्हटलेले वाक्य आणि पुढच्या व्हिडिओचे शीर्षक. पहिल्या दोन गोष्टी व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यावर बदलता येत नाहीत. चौकोनात कोणता व्हिडिओ दाखवायचा हे मात्र स्टुडिओत केव्हाही बदलता येते. या मजकुरातल्या बहुतेक चुका या फरकातूनच होतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, व्हिडिओचे शीर्षक आहे ‘डिजिटल सहीचा ७/१२ मोबाईलवर काढा, फक्त १५ रुपयांत’. महाराष्ट्रात महाभूलेख संकेतस्थळावर सातबारा फुकट पाहता येतो, पण तो केवळ माहितीसाठी असतो. कार्यालयीन कामाला चालणारा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा वेगळ्या संकेतस्थळावरून १५ रुपये भरून मिळतो. शीर्षकाने दिलेले वचन अगदी मोजके आहे : सहीचा उतारा, मोबाईलवर, इतक्या पैशांत. व्हिडिओत मोबाईल नंबरवर ओटीपी घेणे, खात्यात पैसे भरणे, जिल्हा, तालुका, गाव निवडणे, गट नंबर टाकणे आणि पीडीएफ उतरवणे, असा क्रम येतो.

या क्रमात एक जागा अशी आहे जिथे पुष्कळ प्रेक्षक अडतील. गट नंबर सगळ्यांना पाठ नसतो. जमीन आजोबांच्या नावावर, पाहणारा नातू पुण्यात किंवा मस्कतला; त्याला गावाचे नाव ठाऊक असते, गट नंबर नसतो. कार्ड लावायचे ते नेमके इथे, आणि त्यावर लिहायचे : ‘गट नंबर माहीत नाही?’ हे कार्ड महाभूलेखवर नावावरून शोध कसा घ्यायचा, हे दाखवणाऱ्या व्हिडिओकडे नेईल. ज्याला नंबर ठाऊक आहे तो पट्टीकडे लक्षही देणार नाही, आणि तसेच व्हायला हवे. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी शीर्षकाचे वचन या पायरीवरच अडलेले असते. कार्डाने त्याला बाहेर नेले, तरी ते वचन पुरे करण्यासाठीच नेले. कार्ड ज्या सेकंदाला उमटते त्याच सेकंदाला तोंडानेही एक वाक्य म्हणावे : ‘नंबर माहीत नसेल तर वर आय बटणावर जा, नावावरून कसा शोधायचा ते तिथे आहे.’ नुसती पट्टी अनेकांच्या नजरेतून सुटते.

हेच कार्ड पहिल्या मिनिटात लावले तर नुकसान होते. प्रेक्षकाला अजून काहीच मिळालेले नसते आणि आपणच त्याला दाराबाहेर पाठवतो. वचन पुरे होण्याआधीचे कार्ड हवे असेल, तर ते केवळ खऱ्या अडचणीचे हवे. बाकीची कार्डे वचन पुरे झाल्यावर यावीत.

आता शेवट. पीडीएफ उतरली, प्रेक्षकाने ती उघडली. तो पहिल्यांदा काय पाहील? स्वतःचे किंवा वडिलांचे नाव. नावातला काना गेलेला असतो, आडनाव चुकलेले असते. म्हणून चित्रात रिकाम्या चौकोनाच्या वर ओळ यावी : ‘उताऱ्यात नाव चुकलंय?’ आणि बोलण्यात : ‘उतारा आला की आधी त्यावरचं नाव नीट वाचा. लिहिण्यात चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज कसा करायचा, ते या व्हिडिओत दाखवलं आहे.’ चौकोनातल्या व्हिडिओचे शीर्षक असावे ‘७/१२ वर नाव चुकलंय? दुरुस्तीचा अर्ज असा करा’. कोरलेली ओळ, आवाज आणि शीर्षक तिन्ही एकच प्रश्न विचारतात. ‘नाव’ आणि ‘चुकलंय’ हे शब्द मुद्दाम तेच ठेवले आहेत, कारण थंबनेल लहान असतो, शीर्षक कापले जाते आणि ओळखीचा शब्द दिसला तरच डोळा थांबतो.

इथे एका शब्दाने वाट चुकू शकते. ओळ ‘नाव बदला’ अशी लिहिली तर ती आकर्षक वाटेल, पण ती दुसरेच वचन देते. लेखनातली चूक महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली दुरुस्त होते. खरेदी, वारसा किंवा वाटणीमुळे नाव बदलणे हा फेरफाराचा विषय आहे. ‘नाव बदला’ वाचून वारस नोंदीसाठी आलेला माणूस दुरुस्तीचा व्हिडिओ अर्ध्या मिनिटात सोडून जाईल, आणि पुढच्या वेळी त्या चॅनेलच्या चौकोनावर बोट ठेवायला कचरेल. एंड स्क्रीनची ओळ हे पुढच्या व्हिडिओचे पहिले शीर्षकच असते. म्हणून ती लिहिताना मागच्या वचनाशी जितके प्रामाणिक राहायचे, तितकेच पुढच्याशीही. यूट्यूबने डिसेंबर २०२४ मध्ये भारतात, विशेषतः ताज्या बातम्या आणि घडामोडींच्या बाबतीत, व्हिडिओत नसलेले वचन देणाऱ्या शीर्षक-थंबनेलवर कारवाई वाढवण्याचे जाहीर केले. तो नियम शीर्षकाबद्दल होता, पण शीर्षकातली फसवणूक टाळून ती शेवटच्या ओळीत आणणेही तितकेच गैर आहे.

चौकोनासाठी स्टुडिओत तीन पर्याय मिळतात : ठरावीक व्हिडिओ, सर्वांत नवा व्हिडिओ किंवा यूट्यूबने त्या प्रेक्षकासाठी निवडलेला व्हिडिओ. वरच्यासारखी नेमकी ओळ कोरायची असेल तर पहिलाच पर्याय चालतो. नव्या व्हिडिओचा पर्याय ठेवून ‘पुढचा भाग इथे पहा’ असे कोरले, तर पुढच्या आठवड्यात त्या ओळीखाली कापसाच्या भावाचा व्हिडिओ येऊन बसतो. निवड यूट्यूबवर सोडली असेल तर कोरलेला मजकूर ‘यानंतर हे पहा’ इतकाच मोघम ठेवावा लागतो. माहितीपर व्हिडिओंसाठी मी तो पर्याय सुचवणार नाही. गप्पांच्या किंवा भटकंतीच्या चॅनेलला तो चालू शकतो.

कोरलेली ओळ किती काळ टिकते, याचा पुरावा यूट्यूबवरच पडून आहे. कार्डांच्या आणि एंड स्क्रीनच्या आधी व्हिडिओवर क्लिक करता येणाऱ्या चौकटी ठेवायची ॲनोटेशन नावाची सोय होती. त्या चौकटी यूट्यूबने १५ जानेवारी २०१९ ला सगळीकडून काढून टाकल्या. जुन्या व्हिडिओंत मात्र ‘इथे क्लिक करा’ असे सांगणारे चित्रात कोरलेले बाण आजही दिसतात आणि ते कशाकडेच नेत नाहीत. २०२५ पासून प्रेक्षकाला एंड स्क्रीन लपवण्याचे बटणही मिळू लागले आहे. चौकोन लपला तरी कोरलेली ओळ राहतेच. म्हणून ‘खालच्या चौकोनावर टॅप करा’ यापेक्षा ‘उताऱ्यात नाव चुकलंय?’ ही ओळ बरी, कारण चौकोन नसतानाही तिला अर्थ राहतो आणि तो प्रश्न शोधपेटीत टाकूनही व्हिडिओ सापडू शकतो.

बोलण्यातली आणखी एक सवय अडचण करते. ‘तर मित्रांनो, आजच्या व्हिडिओत एवढंच’ हे वाक्य आले की पाहणारा निघतो. प्रेक्षक किती टिकले हे दाखवणाऱ्या आलेखात ती रेघ खाली कोसळलेली सरळ दिसते. चौकोन त्यानंतर उमटत असतील तर ते उरलेल्या मोजक्यांनाच दिसतात. उपाय इतकाच की निरोपाचे वाक्य गाळायचे आणि शेवटच्या उपयोगी वाक्यातूनच प्रश्नात शिरायचे. सबस्क्राइबची विनंती त्याच श्वासात करू नये. वर्तुळ पडद्यावर असतेच, आवाज पुढच्या व्हिडिओसाठी राखावा.

मजकूर जुळला की नाही, हे क्लिकच्या टक्केवारीवरून अर्धेच कळते. खरी तपासणी पुढच्या व्हिडिओच्या ॲनालिटिक्समध्ये होते. तिथे प्रेक्षक कुठून आले या यादीत एंड स्क्रीन हा स्वतंत्र स्रोत असतो, आणि त्या स्रोतातून आलेल्यांनी सरासरी किती वेळ पाहिले तेही दिसते. क्लिक भरपूर आणि पाहण्याचा वेळ इतर स्रोतांपेक्षा बराच कमी, तर ओळीने पुढच्या व्हिडिओत नसलेले काही कबूल केले आहे. क्लिकच कमी, पण आलेले लोक टिकतात, तर पुढचा व्हिडिओ योग्य आहे. प्रश्न मात्र ओळखू न येणाऱ्या शब्दांत विचारला गेला किंवा फार उशिरा विचारला गेला. पहिल्या दोषावर चौकोनातला व्हिडिओ बदलून उपाय करता येतो. दुसरा दोष चित्रात आणि आवाजात असल्यामुळे तो पुढच्या व्हिडिओतच सुधारावा लागतो. कार्डाचा टीझर मात्र केव्हाही नव्याने लिहिता येतो, त्यामुळे शब्दांची पारख तिथे करून जमलेले शब्द पुढच्या एंड स्क्रीनला घेणे सोयीचे पडते.

मुलांसाठी म्हणून नोंदवलेल्या व्हिडिओंवर कार्डे आणि एंड स्क्रीन दोन्ही मिळत नाहीत. बडबडगीतांच्या चॅनेलने शेवटी बोट दाखवणारी ओळ कोरली तर ती रिकाम्या जागेकडेच बोट दाखवते. शॉर्ट्सनाही या सोयी नाहीत. तिथे संबंधित व्हिडिओची एक लिंक जोडता येते.